मोळीचं तिकीट

मोठ्याईच्या घरात निर्णय दोन तऱ्हेने होत. एक, मोठ्याई सांगेल तसा. दुसरा, घरातले आधी आपापसांत काहीतरी वेगळं ठरवत आणि मग मोठ्याई सांगेल तसा. दुसऱ्या तऱ्हेला वेळ जास्त लागे, एवढाच काय तो फरक.

त्यामुळे विमानाच्या तिकिटाची गोष्ट सून एकटीने उरकणार असं कानावर आलं, तेव्हा मोठ्याईने गाद्या-उशांचं दुकान भर दुपारी थोरल्या लेकाच्या गळ्यात टाकलं आणि सुनेची कचेरी गाठली. कचेरी म्हणजे विमानाची तिकिटं काढून देणारी, टायरच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, पाण्याचं एक गळकं पिंप आणि भिंतीवर समुद्रकिनाऱ्याचं चित्र, जे उन्हाने इतकं विटलं होतं की समुद्र कुठला आणि वाळू कुठली हे विचारूनच घ्यावं. खालून रबराचा वास येत होता.

"आई, तुम्ही इथे?" सून उठून उभी राहिली.

"बस. मी गिऱ्हाईक म्हणून आलेय. सून म्हणून बोलायचं असेल तर घरी बोलू."

सून बसली. शेजारच्या टेबलावरची पोरगी हसू गिळण्यासाठी पाणी प्यायली.

काम नाजूक होतं. मोठ्याईची धाकटी लेक जावयाच्या नोकरीपायी दूरच्या शहरात होती. तिचं पहिलं बाळंतपण. बाळ पोटात आडवं होऊन बसलं होतं, आजीच्या वळणावर गेलं म्हणायचं, आणि डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस ठरवून दिला होता. ही लेक लहानपणापासून काही मागणारी नव्हे. थोरल्याचे उतरलेले कपडे घातले, उरलेलं खाल्लं, तक्रार नाही. तीच फोनवर म्हणाली होती, "आई, मला सकाळी आत नेतील ना, त्याआधी तू समोर दिसायला हवीस. बाकी कुणी नसलं तरी चालेल." मोठ्याईने "बरं बरं, बघू" म्हणून फोन ठेवला होता आणि नंतर बराच वेळ एकाच उशीला टाके घालत बसली होती. ती उशी पुढे कुणाच्याही डोक्याखाली मऊ लागली नाही.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी निघायचं," सून म्हणाली. "सकाळच्या पहिल्या विमानाने. आधी मोठ्या विमानतळावर जायचं, तिथे विमान बदलायचं, मग ताईंच्या गावी."

"सरळ जाणारं विमान नाही?"

"आहे ना. पण..."

"मग पण कसला? सरळ घास तोंडात जात असताना हात मानेमागून कशाला न्यायचा? हा द्राविडी प्राणायाम तुझ्या कमिशनसाठी का?"

सून काही चिडली नाही. आठ वर्षं मोठ्याईच्या घरात काढलेली बाई, तिला तापमान कळत होतं.

"सरळ जाणारं दिवसातून एकच आहे, आई. ते रद्द झालं तर दुसऱ्या दिवशीचं. आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानात आधीच त्या दिवशीची माणसं बसलेली असतात. आपल्याला कोण मांडीवर घेणार? मोठ्या विमानतळाकडे इथून दर दोन तासांनी एक जातं. तिथून पुढे ताईंच्या गावाला तर जवळजवळ तासातासाला. एक गेलं तर पुढचं. आणि पहिलं धरलं की सबंध दिवस आपल्या हाताशी राहतो. सगळं एकाच तिकिटावर करते, म्हणजे मधे विमान चुकलं तरी शेवटपर्यंत पोचवणं कंपनीच्या गळ्यात."

"रद्द व्हायचंच कशाला मुळात? शुभ बोल ना."

"आई, गादी शिवायला बसता तेव्हा सुया किती घेऊन बसता?"

गादीची सुई वीतभर लांब असते आणि मोडायची तर नेमकी शेवटच्या कडेला मोडते. एकच सुई घेऊन बसणाऱ्याला मोठ्याई कारागीर म्हणत नसे.

"बरं," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून सुनेने दुसऱ्यांदा ऐकला. पहिल्यांदा लग्न ठरलं तेव्हा. "पण माझी एक अट आहे. आपण पाचही जण एका तिकिटावर. मी, तू, थोरला, मावशी आणि भाऊजी."

मावशी म्हणजे मोठ्याईची बहीण, जिला झोपाळ्यावरसुद्धा उलटी होई. भाऊजी म्हणजे मोठ्याईचे दीर, ज्यांना कुठेही नेलं नाही की वाईट वाटे आणि नेलं की पाय दुखत.

"पाच जण एका तिकिटावर नकोत," सून म्हणाली. "दोन-दोन, एक असं फोडून करूया. गडबड झाली तर एक-दोन जागा कुठेही मिळतात. पाच एकदम मिळायच्या म्हणजे..."

"मोळी सोडली की काटक्या वाऱ्यावर. आजवर हे घर फुटलं नाही ते मी फुटू दिलं नाही म्हणून. पाचांचं एक."

झालं. पाचांचं एक तिकीट निघालं.

संध्याकाळी बातमी आली की विहीणबाईही त्याच दिवशी निघणार आहेत. सरळ विमानाने. विहीणबाई म्हणजे जावयाची आई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सारं गाव हेडबाई म्हणे आणि त्या साऱ्या गावाच्या बोलण्यातल्या चुका सुधारत. मोठ्याईच्या दोन इयत्ता झाल्या होत्या, त्यातली दुसरी अर्धीच. आजवर हेडबाईंपुढे तिने एकही कागद वाचायला हातात घेतला नव्हता. चष्मा घरी राही, नाहीतर डोळ्यांत कचरा जाई.

"म्हणजे ती दुपारी जेवायला पोचणार," मोठ्याई सुनेला म्हणाली, "आणि मी गावोगावची विमानं हुंगत दिवेलागणीला. लेक माझी, आणि आधी पायरी चढणार ती."

"आधी पोचायची शर्यत नाही, आई. पोचायचं आहे."

"तुला भाऊबंद नाहीत म्हणून तू असं बोलतेस."

निघायच्या दिवशी सकाळी विमानतळावर काचेबाहेर बघावं तर कुणीतरी पिंजलेला कापूस आभाळापासून जमिनीपर्यंत दाबून भरलेला. विमान दिसेना, झाड दिसेना, काचेलगतची गाडीसुद्धा अर्धीच दिसे. मोठ्याईने जन्मभर कापूस पाहिला, पण इतका फुकट कधी नाही.

"धुकं आहे, विरेल," भाऊजी म्हणाले आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. मावशीने लिंबू हुंगायला सुरुवात केली.

"अगं, अजून जमिनीवर आहोत," मोठ्याई म्हणाली.

"सवय करतेय, ताई."

तेवढ्यात चाकांची निळी बॅग ओढत हेडबाई समोर उभ्या. इस्त्रीची साडी, एकही केस वाऱ्यावर नाही. पण चेहरा उतरलेला.

"आमचं विमान रद्द झालं," त्या म्हणाल्या. "जे विमान आम्हांला न्यायला यायचं होतं, ते धुक्यामुळे उतरूच शकलं नाही, दुसरीकडेच गेलं. उद्याचं भरलेलं आहे. परवाचं देतो म्हणतात."

मोठ्याईला जो आनंद झाला तो दाताखाली धरून ठेवताना तिची कवळी हलली. "अरेरे," ती म्हणाली. "सरळ रस्त्याचं असंच असतं हो. आम्ही मुद्दाम वळसा घेतला. आमच्या घरी या गोष्टींचा विचार होतो."

सुनेने वर छताकडे पाहिलं.

देव मात्र अशी वाक्यं फार वेळ हवेत राहू देत नाही. सुनेच्या मोबाइलवर टुणकन वाजलं. त्यांचंही पहिलं विमान रद्द. त्याच धुक्यात तेही कुठेतरी दुसरीकडे उतरलं होतं. आणि कंपनीच्या यंत्राने आपल्या अकलेने पाचही जणांना संध्याकाळच्या विमानात बसवलं होतं.

"संध्याकाळच्या?" मोठ्याई म्हणाली. "दर दोन तासांनी जातं म्हणाली होतीस ना? मधली काय झाली? का कमिशनात गेली?"

"मधली आहेत, आई. धुकं विरलं की सुटतीलही. पण पाच जागा एकदम फक्त संध्याकाळच्यात आहेत. मधल्यांत कुठे दोन, कुठे एक. यंत्र तिकीट फोडत नाही, एका तिकिटावरची माणसं एकत्रच ठेवतं. आणि संध्याकाळी निघालो तर तिथे पोचेपर्यंत ताईंच्या गावाचं शेवटचं विमान गेलेलं असेल. म्हणजे उद्या उजाडल्यावर तिथून निघायचं."

उद्या उजाडल्यावर लेक आत गेलेली असणार. भाऊजींनीसुद्धा चहा खाली ठेवला.

मग मोठ्याईने आपल्या सुनेला कामावर पहिल्यांदा पाहिलं. घरी ही बाई भाजीत मीठ विसरायची. इथे तिने नवऱ्याला, थोरल्याला, कंपनीच्या खिडकीपुढच्या रांगेत उभं केलं, "रांग सोडायची नाही, भूक लागली तरी नाही." स्वतः एका कानाला फोन लावला, दुसऱ्या हाताने लॅपटॉपच्या पडद्यावर विमानं सरकवत राहिली. रांग मुंगीच्या पावलाने चालली होती. हेडबाई रांगेत थोरल्याच्या पुढे होत्या.

सून मधेच फोन तोंडापासून दूर धरून त्यांना म्हणाली, "खिडकीवर परवाचं घेऊ नका. म्हणा, मला मोठ्या विमानतळावरून पाठवा. त्यांनी विमान रद्द केलंय, तर दुसऱ्या वाटेने पाठवायला सांगता येतं."

"ते स्वतःहून सांगतील असं वाटलं होतं," हेडबाई म्हणाल्या.

"विचारल्याशिवाय इथे कुणी वर्गात हात वर करत नाही."

हेडबाईंनी तसं सांगितलं आणि त्यांना पुढच्याच विमानात जागा मिळाली. मोठ्याईच्या डोळ्यांदेखत. तिच्याच सुनेच्या सल्ल्याने.

"शत्रूला तूप वाढतेस?" ती सुनेच्या कानात पुटपुटली.

सुनेने बोट वर केलं, थांबा. फोनवर कुणाशी तरी बोलली, दोनदा "हो", एकदा "तिकीट वेगळं करा" असं म्हणाली. मग फोन ठेवून सासूकडे वळली.

"आई, पुढच्या विमानात दोन जागा होत्या. एक विहीणबाईंनी घेतली. दुसरी मी तुमच्या नावावर धरली. पाचांतून तुम्हांला वेगळं काढलंय, तिथून ताईंच्या गावी जाणाऱ्या विमानासकट. धुकं विरतंय. आम्ही चौघं मागून, मिळेल तसे येतो."

"मी एकटी?"

"विहीणबाई आहेत सोबत."

"म्हणजे एकटीपेक्षा वाईट. त्यांची जागा थोरल्याला दे."

"त्यांची जागा त्यांची आहे, आई."

"मग मला नको. सगळे जाऊ संध्याकाळी. मोळी..."

"मोळी संध्याकाळी जाईल," सून म्हणाली. आठ वर्षांत तिने पहिल्यांदा सासूचं वाक्य मधे कापलं. "ताईंनी मोळी मागितली नव्हती."

पिंजाऱ्याच्या धनुकलीची तार तुटते तसा आवाज मोठ्याईच्या छातीत झाला. बाळाच्या दुपट्यांचं मोठं गाठोडं तिने मावशीच्या मांडीवर ठेवलं. "यावर उलटी केलीस तर बहीण नाहीस," एवढंच म्हणाली आणि हेडबाईंच्या निळ्या बॅगेमागून चालू लागली.

विमानात दोघींच्या जागा शेजारी नव्हत्या, पण हेडबाईंनी एका तरुणाला इतक्या शुद्ध भाषेत विनंती केली की तो घाबरून उठला. मोठ्याईने पट्टा बांधला, डोळे मिटले आणि चाकं जमिनीवरून उठली तेव्हा खुर्चीचा हात समजून हेडबाईंचं मनगट धरलं. हेडबाईंनी ते काढून घेतलं नाही, फक्त थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या हातात बांगड्या आहेत."

पुढे हवाई सुंदरी खाण्याची आणि विकायच्या वस्तूंची यादी घेऊन आली. हेडबाई बघत होत्या, तेव्हा मोठ्याईने यादी नीट लांब धरली, कपाळाला आठ्या घातल्या, मधोमध एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे द्या. गरम असलं तर." थोड्या वेळाने त्या मुलीने पत्र्याचं एक छोटं खेळण्यातलं विमान आणून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि पैसे मागितले.

मोठ्याईने पैसे दिले. "नातवंडासाठी," ती म्हणाली. "तिकडे अशी मिळत नाहीत."

हेडबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

मोठ्या विमानतळावर गर्दी अशी की जत्रा परवडली. धुक्याने सकाळची सगळी विमानं एकावर एक साचली होती. यांचं विमान खाली उतरायला जागा मिळेना म्हणून घारीसारखं घिरट्या घालत राहिलं, आणि उतरलं तोवर दोघींचंही पुढचं विमान उडून गेलेलं. हेडबाई एका खांबाला टेकल्या. त्यांच्या शाळेत कुठलीही गोष्ट वेळापत्रकाबाहेर झाली नव्हती. आता काय करायचं हे त्यांना कळेना.

मोठ्याईला मात्र कळत होतं. सकाळभर तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. ती कंपनीच्या खिडकीपाशी गेली, तिथल्या दमलेल्या माणसाला दोन्ही तिकिटं दिली आणि म्हणाली, "बाबा, प्रत्येकीचं सबंध तिकीट एकच आहे, शेवटच्या गावापर्यंत. तुमचंच विमान उशिरा आलं म्हणून पुढचं चुकलं. तेव्हा पुढच्यात बसवायचं काम तुझं. एकत्र जागा नसेल तर फोडून दे. आम्ही हट्टी नाही."

त्या माणसाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या भाषेत बोललं होतं. त्याने बटणं दाबली. "आत्ता माणसं चढतायत त्या विमानात एक जागा आहे. एकच. त्यानंतरच्यात दोन आहेत, पण तेही नक्की सुटेल असं मी म्हणणार नाही. सकाळपासून सगळंच मागेपुढे चाललंय. एक आत्ता घ्यायची असेल तर पळा. दाराचा नंबर त्या पाटीवर येईल."

"तुम्ही जा," हेडबाई म्हणाल्या. "तुम्ही तिची आई आहात. तिला तुम्ही हव्या आहात. मी मागून येते."

खरं तर हा मोठ्याईच्या विजयाचा क्षण. आधी पायरी चढायची तीच. तिने पाटीकडे पाहिलं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. तिने पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं, तिसऱ्यापाशी पोचेपर्यंत पाटी फटाफटा उलटली आणि सगळी गावं बदलली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा उलटली. आजूबाजूला दारं किती, बाण किती, आणि एकेका बाणाखाली माणसं पूर आल्यासारखी वाहतायत.

"विहीणबाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मला लावून लावून वाचावं लागतं. ही पाटी तेवढं थांबत नाही. मी एकटी गेले तर भलत्याच गावी उतरेन, आणि पोर तिकडे दाराकडे बघत पडेल."

सबंध जगात हे ज्या एका बाईला सांगायचं नव्हतं, तिलाच सांगून झालं होतं. आता ती काय सुधारणा करते याची मोठ्याई वाट बघत राहिली.

हेडबाईंनी बॅगेची दांडी वर ओढली. "मला सकाळीच कळलं," त्या म्हणाल्या. "गरम खेळणं कुणी मागत नाही." मग त्या दमलेल्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "यांना आत्ताचंच तिकीट द्या. मी यांना दारापर्यंत सोडते, आणि तिकडे उतरल्यावर कुणीतरी हात धरून बाहेर आणून सोडेल अशी नोंद करा. म्हाताऱ्या माणसांसाठी करता ना तुम्ही?"

"म्हातारी कोण?" मोठ्याई म्हणाली.

"आत्ता तुम्ही. वाद नंतर घालू."

आणि त्या दोघी पळाल्या. म्हणजे हेडबाई पुढे, पाट्या वाचत, "डावीकडे, आता वर, हा नाही, तो" असं वर्गात कविता म्हणवून घेतात त्या सुरात, आणि मागे मोठ्याई, पदर खोचलेला, पत्र्याचं विमान मुठीत. दोघी पोचल्या तेव्हा दार लावायच्या बेतात होते. हेडबाईंनी दारातल्या मुलीकडे नुसतं बघितलं. दार थांबलं.

"उतरल्यावर जागचं हलू नका," हेडबाई म्हणाल्या. "कुणी न्यायला येईपर्यंत."

"मला हुकूम सोडू नका."

"तुमच्या सुनेला फोन करून कळवते."

"कळवा. आणि तिला सांगा, मावशी आणि थोरला एकत्र, ती स्वतः मिळेल त्यात, आणि भाऊजींना शेवटच्या विमानात घाल, त्यांची कुणाला घाई नाही. गाठोडं मात्र भाऊजींकडे देऊ नको म्हणावं."

हेडबाईंचं विमान सुटलं ते फार उशिरा, पण सुटलं. सून आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वेगवेगळ्या विमानांनी उतरले. भाऊजी सगळ्यांत शेवटी, आणि आपल्याला कुणी विचारत नाही अशी तक्रार करत.

पण ते पुढचं. ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याच्या लांब बोळात दोन बाया कडेच्या बाकावर बसल्या होत्या. एक आदल्या संध्याकाळी पोचलेली, एक उजाडता उजाडता. दोघींनीही कालची साडी बदललेली नव्हती, आणि हेडबाईंचे केस वाऱ्यावर होते. परिचारिकांनी चाकांचा पलंग बाहेर आणला. लेकीच्या अंगावर हिरवा झगा, ओठ सुकलेले.

तिने आईला पाहिलं आणि हात पुढे केला. मोठ्याईने तो धरला.

"अजून आहेस ना?" लेक म्हणाली. झोपेच्या औषधाने तिची जीभ जड झाली होती.

"नाही, हवा पालटायला बाहेरगावी गेलेय. वेडे, काल संध्याकाळपासून तुझ्या उशाशी बसून तुझ्या गादीला नावं ठेवतेय. कापूस कसला भरलाय त्यांनी यात, देव जाणे."

लेक हसली. "सांगितलंच नाहीस, एकटीने कशी आलीस गं इतक्या लांब?"

मोठ्याईने मागे पाहिलं. हेडबाई बाकावरून उठल्या होत्या, पण पुढे आल्या नव्हत्या. आईला नि लेकीला जागा सोडून भिंतीला लागून उभ्या होत्या, आणि भिंतीवरची सूचना पाठ असल्यासारख्या पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

"एकटीने नाही," मोठ्याई म्हणाली. "तुझ्या सासूने आणलं. पाट्या तिने वाचल्या, भांडण मी केलं."

पलंग हलला. लेकीने हात सोडला नाही, म्हणून मोठ्याई दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली, आणि हेडबाई दोन पावलं मागून.